हजार तासांची सही

«सायकॉलॉजी किंवा काउन्सेलिंगमध्ये एमए केलेल्यांसाठी आनंदाची बातमी! कॅनडात सायकॉलॉजिस्टची प्रचंड कमतरता आहे. (1) भारतातलं एमए चालतं, डब्ल्यूईएसचा रिपोर्ट आला की लायसन्स पक्कं. (2) 1000 तासांचा अनुभव लागतो. दोन वर्षं नोकरी केली असेल तर तो झालाच, नसेल तर ओळखीच्या डॉक्टरांचं सही-शिक्क्याचं पत्र चालतं. (3) परीक्षा नाही, फक्त एक ऑनलाइन कोर्स. (4) आरसीआय नंबर असेल तर थेट सायकॉलॉजिस्ट. (5) 3 महिन्यांत लायसन्स हातात. गरजूंपर्यंत पोचवा.»

हा मेसेज पहिल्यांदा आला तेव्हा मी तो न वाचताच पुसला. दुसऱ्यांदा आला तो डिचोलीहून, ताईकडून. ऐन चवथीच्या गडबडीत, माटोळीच्या फोटोंच्या मधोमध. खाली ताईचं एक वाक्य होतं: «चेडवानं एजंटाला 25,000 दिले, तू एकदा बघ.» मग मात्र बघावंच लागलं.

माझी भाची, ताईची मुलगी, एमए सायकॉलॉजी आहे. दोन वर्षं तिने शाळांमधून समुपदेशक म्हणून काम केलं आणि गेले वर्षभर ती म्हापशात एका मानसोपचारतज्ज्ञांच्या दवाखान्यात केसेस घेते. नवरा टोरांटोजवळ नोकरीला आहे, तेव्हा ती जाणार हे नक्की. मी स्वतः समुपदेशनात वीसेक वर्षं आहे. माझ्या हाताखाली शिकून ऑन्टारियोला गेलेल्या दोन मुलींचे सुपरव्हिजनचे कागद मी भरून दिले आहेत. या मेसेजातला कुठला शब्द कुठून उचलला आणि कुठे वाकवला ते त्यामुळे मला दिसतं, आणि म्हणूनच जास्त राग येतो.

आधी एक गोष्ट, जी मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊकच नाही. «कॅनडाचं लायसन्स» असं काही नसतं. तिथे हा कारभार प्रांतांकडे आहे. क्वेबेकचे नियम वेगळे, नोव्हा स्कोशियात पदाचं नावच वेगळं. टोरांटो ऑन्टारियो प्रांतात आहे आणि भाची तिथेच जाणार, म्हणून मी पुढे ऑन्टारियोबद्दलच बोलते. तिथे 2007 चा सायकोथेरपी कायदा आहे, त्याखाली 1 एप्रिल 2015 पासून कॉलेज ऑफ रजिस्टर्ड सायकोथेरपिस्ट्स ऑफ ऑन्टारियो, म्हणजे सीआरपीओ, काम करतं. नाव कॉलेज असलं तरी तिथे शिकवत नाहीत. आपल्याकडे मेडिकल कौन्सिल असते तशी ती नोंदणी करणारी संस्था आहे. मी खाली जे आकडे देते ते तिच्या नोंदणीच्या नियमांतले आहेत, एजंटाच्या पत्रकातले नाहीत.

आता एमए. डब्ल्यूईएस तुमची पदवी तपासून ती तिथल्या कोणत्या पातळीची आहे ते सांगतं. इमिग्रेशनसाठी तो कागद लागतो आणि त्याचे गुणही मिळतात. इथपर्यंत मेसेज खरा आहे, हे मान्य करते. पण पदवी कुठल्या पातळीची आहे हा एक प्रश्न झाला, आणि त्या पदवीत तुम्हाला मनोपचार करायला शिकवलं का हा दुसरा. सीआरपीओला रस दुसऱ्यात आहे. व्हिसाच्या अर्जात व्यवसायाचा कोड «सायकॉलॉजिस्ट» लिहिला आणि तो स्वीकारला गेला, म्हणून ऑन्टारियोत तुम्ही सायकॉलॉजिस्ट होत नाही. ही दोन खाती एकमेकांना विचारून चालत नाहीत.

सीआरपीओच्या मान्यताप्राप्त यादीत नसलेला अभ्यासक्रम केलेल्यांसाठी एक तक्ता असतो. थेरपिस्टला काय काय यायला हवं याची क्षमतावार यादी त्यात आहे आणि प्रत्येक क्षमतेपुढे ती तुम्हाला कुठल्या पेपरात, किती तास शिकवली ते लिहायचं असतं. पुराव्यासाठी अभ्यासक्रमाचा सविस्तर मजकूर जोडायचा. मार्कलिस्टवरचं पेपरचं नाव पुरत नाही. «काउन्सेलिंग सायकॉलॉजी» या दोन शब्दांतून कुणाला काही कळत नाही, त्या पेपरात केस फॉर्म्युलेशन होतं की फक्त रॉजर्सचा इतिहास होता हे दाखवावं लागतं.

भाचीला मी रविवारी बसवलं आणि तिचे सोळा पेपर टेबलावर मांडले. संख्याशास्त्र गेलं, संशोधनपद्धती गेली, सामाजिक मानसशास्त्र, मानसमिती, संघटनात्मक वर्तन ही सगळी बाजूला ठेवली. हे विषय वाईट नाहीत, पण ते थेरपीचे नाहीत. शेवटी चार पेपर उरले: समुपदेशनाचे सिद्धान्त, मनोपचारपद्धती, मनोविकृती आणि प्रॅक्टिकम. प्रत्येकी 60 तास धरले तरी 240 झाले. सीआरपीओ मनोपचाराशी थेट संबंध असलेलं किमान 360 तासांचं शिक्षण मागतं. म्हणजे एमए पूर्ण, पदवी खरी, डब्ल्यूईएसचा अहवाल उत्तम, आणि तरी 120 तास कमी. ते दुसऱ्या औपचारिक प्रशिक्षणातून भरून निघतील का, हे ते तुमची फाइल बघून ठरवतात. तिने मागच्या वर्षी केलेलं सीबीटी या उपचारपद्धतीचं दीर्घ प्रशिक्षण इथे उपयोगी पडेल, कारण त्यात प्रत्यक्ष सराव आणि मूल्यमापन होतं. दोन तासांच्या वेबिनारांची वीस प्रमाणपत्रं तिने कौतुकाने पुढे केली, ती मी परत फाइलीत ठेवायला सांगितली.

एका जागी मात्र बहुतेक भारतीय एमए अडतात. थेरपिस्टने स्वतःकडे बघायला शिकलं पाहिजे, अशी एक वेगळी क्षमता त्या यादीत आहे. क्लायंट बोलत असताना आपल्याला राग का आला, आपल्या घरातलं कुठलं माणूस आपल्याला त्याच्यात दिसलं, आपण घाईने सल्ला का दिला, हे ओळखून स्वतःला सुरक्षितपणे आणि परिणामकारकपणे कसं वापरायचं, हे शिकलेलं असावं लागतं. आपल्या अभ्यासक्रमांत या नावाचा पेपर शोधून सापडत नाही. भाची म्हणाली, «मावशी, हे कुणी शिकवलंच नाही.» मग आठवलं की प्रॅक्टिकमच्या बाईंनी दर केसनंतर स्वतःबद्दल एक पान लिहून घेतलं होतं आणि त्यावर चर्चा व्हायची. मी म्हटलं, ते वहीचं बाड कुठे आहे? होतं माळ्यावर. तिला तो नुसता गृहपाठ वाटला होता.

तर एमए चालतं का? चालू शकतं. पदवी परदेशातली आहे म्हणून कुणी फाइल परत करत नाही. पण «पक्कं» हा शब्द ज्याने लिहिला त्याने तो तक्ता कधी उघडलेला नाही.

आता दुसरा मुद्दा. यासाठीच मी लिहायला बसले.

हजार हा आकडा त्यांनी हवेतून आणलेला नाही, पण तो पायरी चुकवून आणलाय. सीआरपीओत दोन आकडे आहेत. पूर्ण नोंदणीसाठी क्लायंटबरोबरचे थेट 450 तास आणि क्लिनिकल सुपरव्हिजनचे 100 तास. सुपरव्हिजनशिवाय स्वतंत्र काम करायचं असेल तर एकूण 1000 आणि 150. म्हणजे 1000 ही दुसरी पायरी झाली. आणि प्रत्येक आकड्याला एक जोडीदार आहे. क्लायंटचे तास सांगून सुपरव्हिजनचे तास गिळून टाकले तर अर्धा नियम उरतो. मेसेजात सुपरव्हिजन हा शब्दच नाही, हे एकदा परत वाचून बघा.

थेट तास म्हणजे काय, हे नियमात नीट सांगितलेलं आहे. तुम्ही आणि क्लायंट मनोपचाराच्या प्रक्रियेत प्रत्यक्ष गुंतलेले असाल तो वेळ. समोरासमोर, फोनवर, व्हिडिओवर, सगळं चालतं. गटसत्र तुम्ही चालवलं किंवा सक्रियपणे सहचालक होतात, तर तेही. दुसऱ्याचं सत्र कोपऱ्यात बसून पाहिलं, नोंदी लिहिल्या, फोन करून वेळा ठरवल्या, यातलं काही धरत नाहीत. आणि आपल्याकडच्या मुलांना सगळ्यात जास्त झोंबेल ते हे: ज्यात मुलाखत जवळजवळ नाही, फक्त चाचणी घेऊन अहवाल द्यायचा, असं मानसमापनही धरत नाहीत.

आता भाचीची शाळेतली दोन वर्षं घ्या. दोन शैक्षणिक वर्षं मिळून 76 आठवडे, आठवड्याला 30 तास. नोकरीचे तास झाले 2,280. एजंटाने हेच गणित करून «तुमचे तर डबल झाले» म्हणून तिची पाठ थोपटली. आम्ही तिची डायरी काढली. आठवड्याला सरासरी सात मुलं एकेकटी यायची. त्यातली तीन दहावीनंतर काय करू, अभियोग्यता चाचणीत काय आलं, यासाठी. उरली चार. ती खरी सत्रं: घरातली दारू, परीक्षेची भीती, हातावर ब्लेडच्या खुणा. एक सत्र म्हणजे शाळेची एक तासिका, 40 मिनिटं. चार सत्रं, 76 आठवडे, म्हणजे 304 सत्रं. 40 मिनिटांनी गुणलं तर 203 तासही पुरते होत नाहीत. 2,280 मधले 203. बाकीचा वेळ प्रार्थनेनंतरची भाषणं, पालकसभा, शिक्षकांची कार्यशाळा, भरायचे तक्ते आणि एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाणारी बस यात गेला. काम तिने मन लावून केलं, त्याबद्दल वाद नाही. पण ते काम वेगळं होतं.

आणि त्या 203 तासांना सुपरव्हिजन कुठे आहे? महिन्यातून एकदा सगळ्या समुपदेशकांची दोन तासांची बैठक व्हायची. बाराजण. किती मुलं बघितली, अहवाल का आला नाही, पुढच्या महिन्यात कुठला दिन साजरा करायचा. याला प्रशासन म्हणतात. क्लिनिकल सुपरव्हिजन म्हणजे तुमच्यापेक्षा अनुभवी थेरपिस्टबरोबर बसून तुमच्या केसवर बोलणं: त्या मुलीने ब्लेडची गोष्ट सांगितल्यावर तू काय म्हणालीस, का म्हणालीस, पुढे काय करणार. ते एकास एक होऊ शकतं, दोघांत होऊ शकतं, गटातही होऊ शकतं, पण गटात आठपेक्षा जास्त शिकाऊ नकोत. सुपरव्हिजन देणाऱ्याकडेही मनोपचाराचा दीर्घ अनुभव, साधारण पाच वर्षांचा, आणि सुपरव्हिजन देण्याची तयारी असल्याचा पुरावा लागतो. मुख्याध्यापक कितीही सज्जन असले तरी त्यांचं पत्र इथे काही कामाचं नाही. ती हजर होती एवढंच ते सांगू शकतात. बंद दाराआड तिने काय केलं हे त्यांना कळायचं कारणच नाही, आणि कळत असेल तर ती वेगळीच काळजीची गोष्ट आहे.

दवाखान्यातलं वर्ष मात्र सोन्यासारखं निघालं. आठवड्याला सहा सत्रं, प्रत्येक 50 मिनिटांचं, म्हणजे आठवड्याला बरोबर पाच तास. 44 आठवड्यांचे 220 तास. दर गुरुवारी तिथल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टबरोबर एक तास केसवर चर्चा. सुट्ट्या, पाऊस, बाईंची रजा वजा करून ते 40 तास. हे 220 आणि 40 ती छाती पुढे काढून लिहू शकते. शाळेतले 203 मी तिला वेगळ्या रकान्यात ठेवायला सांगितले, ते सुपरव्हिजनशिवाय झाले असं स्पष्ट लिहून.

म्हणजे उरले 230 थेट तास आणि 60 सुपरव्हिजन. आता याच वेगाने चाललं तर 230 तासांना 46 आठवडे लागतात. त्या 46 आठवड्यांत गुरुवार मिळतात 46. सुपरव्हिजन हवं 60. म्हणजे क्लायंट पुरले तरी 14 तास सुपरव्हिजन कमीच पडतं. मी पाहिलेल्या दोन्ही फाइलींत हेच झालं होतं. मुली क्लायंट मोजत बसतात आणि शेवटी अडतात त्या दुसऱ्या रकान्यात. भाची आता महिन्यातून दोनदा गुरुवारचा एक तास वाढवून घेणार आहे, त्याची फी मोजावी लागेल, पण ती एजंटाला दिलेल्या रकमेपुढे किरकोळ आहे.

आणि आता ते «ओळखीच्या डॉक्टरांचं पत्र».

एजंटाने तिला याचा दर सांगितला होता. कागद तयार, डॉक्टर तयार, तासांचा आकडा तुम्ही सांगायचा. हे मला ताईने नाही सांगितलं, भाचीने हळूच सांगितलं, आणि मला दोन मिनिटं काही बोलता आलं नाही. एक तर त्यांना साधं पत्र चालत नाही. सुपरवायझरने स्वतः तपशील भरून साक्ष द्यायची असते: कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत, किती तास, एकटीचं की गटाचं. माझ्या फॉर्मांच्या वेळी मी माझ्या डायरीशी ताळा करून आकडे लिहिले, कारण उद्या कुणी विचारलं तर उत्तर मला द्यायचं होतं. ज्या डॉक्टरने त्या मुलीला एकदाही केस मांडताना ऐकलेलं नाही, तो काय उत्तर देणार? दुसरं, अर्जात खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती दिली तर तुम्ही अट पूर्ण केलीच नाही असं धरलं जातं, आणि हे नोंदणी मिळाल्यावर उघड झालं तरी. आणि तोच कागद इमिग्रेशनच्या फाइलीत लावला असेल तर गोष्ट कायद्यात जाते. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम 40 खाली खोटी माहिती दिल्याबद्दल 5 वर्षं प्रवेशबंदी होते. नवरा टोरांटोत आणि बायको पाच वर्षं डिचोलीत. हा मेसेज «गरजूंपर्यंत» पोचवणाऱ्यांनी हेही पोचवावं.

यात सगळ्यात मूर्खपणाची गोष्ट अशी की ही चोरी करायची गरजच नाही. सीआरपीओत पूर्ण नोंदणीच्या आधी एक टप्पा आहे, रजिस्टर्ड सायकोथेरपिस्ट (क्वालिफाइंग). शिक्षण मान्य झालं की या वर्गात नोंदणी होते, त्यासाठी 450 तास आधी पुरे असावे लागत नाहीत. मग तिथेच, तिथल्या सुपरवायझरखाली, क्लायंट घेऊन उरलेले तास भरायचे. भाचीचे 230 आणि 60 तिथे जाऊन उजळ माथ्याने भरता येतात. हा टप्पा फुकटचा नाही, सुपरवायझर शोधावा लागतो आणि बऱ्याचदा त्याची फी स्वतःच भरावी लागते. एजंट याबद्दल बोलत नाहीत, कारण यात विकण्यासारखं त्यांच्याकडे काही नाही.

परीक्षेबद्दलची थाप कशी तयार झाली ते सांगते. एक ऑनलाइन मॉड्यूल आहे हे खरं. त्यात ऑन्टारियोचे कायदे आणि व्यवसायाची आचारसंहिता असते आणि अर्जापूर्वी ते करावं लागतं. मेसेजवाल्याने इथेच वाचन थांबवलं. नोंदणी परीक्षा वेगळी आहे आणि ती क्वालिफाइंग वर्गात गेल्यावरच देता येते. म्हणून गोव्यात बसून अर्ज भरणाऱ्याला ती दिसत नाही.

परीक्षा बहुपर्यायी आहे. समोर केस ठेवतात आणि तुम्ही पुढे काय कराल ते विचारतात. फ्रॉइडचं जन्मवर्ष तिथे कामाला येत नाही. आपल्या मुलींना पाठांतराची भीती नसते, त्यांची चूक दुसऱ्या जागी होते: गोव्यात बरोबर असलेलं उत्तर तिथे चूक असतं. एक उदाहरण मी भाचीला रचून दिलं. सतरा वर्षांची मुलगी सांगते की तिचे तिच्याच वयाच्या मित्राशी शारीरिक संबंध आहेत, दोघांच्या मर्जीने. तू काय करशील? ती क्षणात म्हणाली, «पोक्सो. कळवावंच लागेल.» आपल्याकडे बरोबर. 2012 च्या पोक्सो कायद्यात वयाची रेषा 18 आहे, कलम 19 प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवल्यास शिक्षा आहे. ऑन्टारियोत मात्र संमतीचं वय 16 आहे. तिथे एवढ्यावरून धावत जाऊन कळवलं तर तुम्ही त्या मुलीची गुप्तता मोडलीत. शोषण, दबाव, अधिकारातलं माणूस यातलं काही आहे का हे बघायचं आणि मुलीबरोबर काम चालू ठेवायचं. उलट मुलगी चौदाची असेल आणि घरात मारहाणीचा संशय असेल, तर तिथे चिल्ड्रन्स एड सोसायटीला स्वतः कळवावं लागतं. संस्थेच्या प्रमुखाला सांगितलं, आता तो बघेल, हे चालत नाही. आपल्याकडे शाळेत «आधी मुख्याध्यापकांना विचारते» ही सवय हाडात मुरलेली असते. ती सवय परीक्षेत घात करते, आणि पुढे खऱ्या खोलीतही करेल.

चौथ्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. आरसीआय म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, तिचा नंबर हा भारतातल्या नोंदणीचा पुरावा आहे. परदेशात तो तुमच्यामागे काही तक्रार नाही हे दाखवायला लागतो, तो बदलून तिथला नंबर मिळत नाही. ऑन्टारियोत «सायकॉलॉजिस्ट» हे नाव सीआरपीओ देतच नाही, त्याचं कॉलेज वेगळं आणि कायदा वेगळा. सायकोथेरपिस्ट झालेल्या बाईने पाटीवर सायकॉलॉजिस्ट लिहिलं तर तो गुन्हा. एक गोष्ट मात्र नाइलाजाने कबूल करते: ज्यांनी आरसीआयमान्य क्लिनिकल सायकॉलॉजीचं एमफिल केलंय त्यांच्या फाइली खरोखर सोप्या जातात. कारण नंबर नव्हे, तर दोन वर्षं रुग्णालयात सुपरव्हिजनखाली काढलेले आणि नोंदलेले तास. एमए करून थेट नोकरीला लागलेल्यांकडे ते नसतात.

आणखी एक अर्धसत्य आहे, मेसेजात नसलं तरी ताईने विचारलं म्हणून सांगते. «काउन्सेलर» हे नाव ऑन्टारियोत राखीव नाही. भाची तिथे पोचल्या दिवसापासून एखाद्या संस्थेत काउन्सेलर म्हणून काम करू शकते: नव्याने आलेल्या कुटुंबांना आधार, माहिती, मार्गदर्शन. पण गंभीर मानसिक विकारावर मनोपचाराची तंत्रं वापरून उपचार करणं हे तिथे कायद्याने नियंत्रित काम आहे, आणि 2019 च्या अखेरीस सवलतीचा काळही संपला. म्हणजे नैराश्याने उठता न येणाऱ्या बाईवर ती नोंदणीशिवाय सीबीटी करू शकत नाही, नाव काहीही लावलं तरी.

तीन महिन्यांबद्दल काय बोलायचं. अभ्यासक्रमाचा सविस्तर मजकूर विद्यापीठाकडून मिळवून तो तक्ता भरण्यातच तेवढा वेळ जाईल. त्यापुढचे 46 आठवडे वर मोजले आहेतच, आणि परीक्षा त्यांच्या वेळापत्रकाप्रमाणे.

एजंटाला आम्ही फोन केला. 25,000 परत मिळणार नाहीत, «फाइल ओपन झाली» म्हणाला. कुठली फाइल, कुठे ओपन झाली, विचारल्यावर फोन कट. ताईने तो मेसेज ग्रुपमधून काढला, पण तोपर्यंत तो सत्तरी तालुक्यातल्या दोन ग्रुपांत आणि एका पुरोहित मंडळाच्या ग्रुपात गेला होता. पुरोहितांना थेरपीचं लायसन्स कशाला हवं, ते पाठवणाऱ्यालाच माहीत.

भाचीने त्या रविवारी जुन्या वहीत रकाने आखले: तारीख, क्लायंटचा क्रमांक (नाव नाही), मिनिटं, एकट्याचं की गटाचं, सुपरव्हिजन कधी, कोणाबरोबर, कोणती केस मांडली, सुपरवायझरची आद्याक्षरं. सोमवारी संध्याकाळी तिचा फोन आला. एक क्लायंट पंचवीस मिनिटं उशिरा आला, म्हणून सत्र पंचवीसच मिनिटं झालं, मग 50 लिहू का?

«25 लिही,» म्हटलं.